बारावीचे गुण पटत नसतील तर: आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच प्रश्न फिरत असतो, "सर, रिचेकिंगला टाकू का?" पालक विटा, पलूस, तासगावहून एसटीने येतात, हातात ऑनलाइन निकालाची झेरॉक्स असते आणि एका विषयाभोवती पेनाने गोल केलेला असतो. 'रिचेकिंग' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांचं शुल्क निराळं, मुदत निराळी, आणि त्यातून हाती काय लागतं तेही निराळं. यातली चुकीची गोष्ट आधी केली तर बरोबर गोष्टीची मुदत निघून जाते. दरवर्षी काही मुलांचं नेमकं हेच होतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे राज्य शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. आपल्या मुलांचे अर्ज, उत्तरपत्रिका आणि तक्रारी जातात त्या कोल्हापूरच्या कार्यालयात, पुण्याच्या नव्हे. पुण्यात राज्य मंडळ आहे आणि नियम तिथे ठरतात, पण तुमची उत्तरपत्रिका कोल्हापूर विभागाच्या ताब्यात असते.

आता त्या तीन गोष्टी पाहू. पहिली गुणपडताळणी. यात तुमचं उत्तर बरोबर की चूक हे कुणीही पुन्हा वाचत नाही. सगळ्या उत्तरांना गुण दिलेत का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात नीट उतरलेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहिलं जातं. दुसरी छायाप्रत, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात येते. तिसरं पुनर्मूल्यांकन, म्हणजे उत्तरं पुन्हा तपासून गुण पुन्हा ठरवले जातात. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, ही अट बहुतेकांना उशिरा कळते.

२०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि गुणपडताळणी व छायाप्रतीसाठी ६ मे ते २० मे अशी मुदत होती. अर्ज mahahsscboard.in या संकेतस्थळावरून ऑनलाइन करायचा होता, स्वतः किंवा महाविद्यालयामार्फत. गेल्या काही वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये असं शुल्क चालत आलेलं आहे. छायाप्रत मिळाली की पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत करायचा असतो. तारखा आणि रकमा दरवर्षी निकालाच्या प्रकटनात छापून येतात, त्यामुळे आपल्या वर्षाचं प्रकटन आधी वाचावं. क्रम मात्र हाच असतो.

गुणपडताळणी स्वस्त आहे म्हणून बरेच पालक तिथूनच सुरुवात करतात. माझं मत याच्या उलट आहे. गुणपडताळणीतून तुम्हाला बहुतेक वेळा एक ओळ मिळते, "गुणांत बदल नाही". ती ओळ वाचून आत काय झालं होतं ते कळत नाही. परीक्षकाने चूक केली होती की आपणच उत्तर अर्धवट लिहिलं होतं, हे फक्त छायाप्रत सांगते. म्हणून ज्या एका विषयावर प्रवेश अडला आहे, त्याची छायाप्रत पहिल्या दोन-तीन दिवसांतच मागवावी. आणि त्याच विषयाची गुणपडताळणीही त्याच वेळी टाकून ठेवावी. दोन्हीची मुदत एकाच दिवशी संपते, आणि छायाप्रत हातात येईपर्यंत पडताळणीची खिडकी बहुधा बंद झालेली असते. दोन्ही मिळून ४५० रुपये होतात. सहाही विषयांना टाकू नका. शंका खरोखर कशात आहे हे मुलालाच शांतपणे विचारा, बहुतेक मुलांना ते ठाऊक असतं.

एक उदाहरण घेऊन पूर्ण वाट चालून पाहू. समजा, पलूसकडची एक मुलगी आहे, खुल्या प्रवर्गातली, विज्ञान शाखेची. अभियांत्रिकीची सीईटी तिला चांगली गेली आहे आणि सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळावं अशी घरच्यांची इच्छा आहे. राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून किमान ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के पुरतात. या मुलीला भौतिकशास्त्रात ४६, रसायनशास्त्रात ४४ आणि गणितात ४२ मिळाले. बेरीज १३२. सीईटीत कितीही पर्सेंटाइल असलं तरी ती पात्रच ठरत नाही, आणि अडलं आहे फक्त तीन गुणांवर.

भौतिकशास्त्राचे ४६ फोडून बघितले तर लेखी ७० पैकी १९ आणि प्रात्यक्षिकाचे ३० पैकी २७. प्रात्यक्षिकाचे गुण महाविद्यालयातल्या परीक्षेतून येतात, छायाप्रतीत ते दिसत नाहीत आणि पुनर्मूल्यांकनात ते बदलत नाहीत. त्यामुळे जे काही व्हायचं ते त्या १९ मध्येच व्हायला हवं. तिला पेपर देऊन आल्यावर तीसच्या आसपास वाटत होते. एवढी तफावत असेल तर छायाप्रतीला पैसे घालणं योग्य. वीस वाटले आणि एकोणीस आले, अशा ठिकाणी मी घाई करू नका म्हणेन.

तिने ७ मे रोजी अर्ज केला असं धरू. प्रत ईमेलने, संकेतस्थळावरून, स्वतः जाऊन किंवा पोस्टाने, यांपैकी एकाच पद्धतीने घेता येते, आणि कोणती हवी ते अर्जातच सांगावं लागतं. इथे ईमेल निवडावा. पोस्टाने प्रत गावी पोहोचायला लागणारे दिवस प्रवेशाच्या वेळापत्रकातून वजा होतात, पाच दिवसांची मुदत प्रत मिळाल्यापासून मोजली जात असली तरी. ईमेलचा पत्ताही स्वतःचा द्यावा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिल्यामुळे प्रत येऊन तिथेच पडून राहिल्याचे प्रकार घडतात, आणि मग मुदत कधी सुरू झाली यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

समजा प्रत शुक्रवारी, १६ मे रोजी आली. शनिवार-रविवार सुट्टी धरली तर सोमवार १९ ते शुक्रवार २३ मे हे पाच कामाचे दिवस. पण मी घरच्यांना गुरुवारच शेवटचा धरायला सांगेन. प्रत आल्याचा दिवस धरायचा की नाही यावर कार्यालयात दुमत निघालं, तर त्याचा भुर्दंड मुलीला बसू नये. प्रत ज्या ईमेलने आली तो ईमेल, तारखेसकट, छापून ठेवायचा.

आता प्रत वाचायची कशी, ते सांगतो. इथेच सगळ्यांची गल्लत होते. मुलं पहिलं पान उघडतात, कुठे लाल फुली दिसली की अस्वस्थ होतात आणि मग चुकीच्या जागी भांडत बसतात. प्रत तीन वेळा वाचावी आणि दरवेळी एकच गोष्ट शोधावी.

पहिल्या वाचनात उत्तराचा मजकूर वाचायचाच नाही. कोरा कागद घ्यायचा, प्रश्न क्रमांक लिहायचा आणि आतल्या पानांवर त्यापुढे दिलेले गुण उतरवायचे. मग मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी जुळवायचे आणि शेवटी स्वतः बेरीज करायची. आपल्या मुलीच्या प्रतीत दुसऱ्या प्रश्नातल्या आठ छोट्या उपप्रश्नांपैकी तिघांना आत एकेक गुण दिलेला आहे, पण तक्त्यात प्रश्न दोनपुढे २ लिहिलेत. एक गुण इथे सांडला. ही चूक मताची नाही, मोजणीची आहे, आणि ती कोणीही नाकारू शकत नाही.

दुसऱ्या वाचनात खूण नसलेलं उत्तर शोधायचं. बरोबरची खूण नाही, फुली नाही, शून्यही नाही, असं उत्तर म्हणजे तपासायचं राहिलेलं उत्तर. हे बहुतेक वेळा पुरवणीत सापडतं किंवा मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर, जिथे मुलं आधी सोडलेला प्रश्न नंतर लिहितात. या मुलीने प्रश्न १७ पुरवणीच्या मागच्या पानावर सोडवला होता, आणि त्यावर परीक्षकाच्या पेनाचा एकही ठिपका नाही. तीन गुणांचा प्रश्न. शून्य दिलेलं असतं तर गोष्ट निराळी होती. शून्य म्हणजे उत्तर वाचलं आणि चूक ठरवलं. कोरं म्हणजे ते वाचलंच नाही. अर्जात हा फरक स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो.

इथे एक गोष्ट आधीच तपासायला हवी, ती म्हणजे पुरवणी प्रतीत आली आहे का. मुख्य उत्तरपत्रिकेवर किती पुरवण्या जोडल्या ते लिहिलेलं असतं. तो आकडा आणि प्रतीतल्या पुरवण्या जुळत नसतील तर लगेच, त्याच दिवशी, विभागीय मंडळाला लेखी कळवावं. नंतर "पुरवणी नव्हतीच" असं ऐकून घ्यायची वेळ येऊ नये.

तिसरं वाचन विषयशिक्षकांसोबत करायचं, एकट्याने नाही. यात उत्तराचा दर्जा पाहायचा. बोर्डाच्या तपासणीत परीक्षकांना आदर्श उत्तर दिलेलं असतं आणि त्यात पायरीनिहाय गुणांची विभागणी असते. विज्ञान आणि गणितात याला फार महत्त्व आहे, कारण शेवटचा आकडा चुकला तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण मिळायला हवेत. आपल्या मुलीचा प्रश्न २२ ताणलेल्या तारेच्या कंपनाची वारंवारता काढण्याचा होता. तिने n = (1/2L)√(T/m) हे सूत्र बरोबर लिहिलं, ताण, लांबी आणि रेखीय घनता बरोबर भरली, आणि शेवटी दशांश चिन्ह एक घर सरकलं. उत्तर दहापट आलं. परीक्षकाने शेवटचा आकडा पाहिला आणि तीनपैकी शून्य दिलं. शिक्षकांचं म्हणणं पडलं की सूत्राचा आणि किंमती भरण्याचा मिळून किमान दोन गुण बसतात.

मग ती प्रश्न २८ वर आली. चार गुणांची सिद्धता, मिळाला एक. तिला तीन हवेत. शिक्षकांनी उत्तर वाचलं: आकृती आहे पण तिला नावं दिलेली नाहीत, मधल्या दोन पायऱ्या गाळून थेट शेवटचं समीकरण लिहिलं आहे. त्यांनी सांगितलं की याला मीही एकच दिला असता. असं सांगणारे शिक्षक मुलाचं भलंच करत असतात. दुबळी हरकत अर्जात घातली की पुन्हा तपासणाऱ्याच्या मनात बाकीच्या खऱ्या हरकतींचंही वजन कमी होतं. तो प्रश्न आपण सोडून दिला.

उत्तर लिहिताना झालेल्या काही गोष्टी कुठल्याच हरकतीने परत मिळत नाहीत, त्याही मुलांना आधी कळल्या तर बऱ्या. बहुपर्यायी प्रश्नात पहिला प्रयत्नच ग्राह्य धरतात, हे प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेलं असतं. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायची सूचनाही तिथेच असते. तेव्हा खोडून पुन्हा लिहिलेलं उत्तर बरोबर होतं, म्हणून पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये घालणं व्यर्थ आहे.

अर्ज कसा लिहावा? "मी वर्षभर अभ्यास केला आहे, मला कमीत कमी ३० गुण मिळायला हवेत, माझं वर्ष वाया जाईल" असे अर्ज मी खूप वाचले आहेत. त्यामागची तळमळ खरी असते, पण पुन्हा तपासणाऱ्याला त्यातून काहीच धरता येत नाही. प्रश्न क्रमांक, पान क्रमांक, काय झालं आहे आणि काय अपेक्षित आहे, एवढंच हवं. या मुलीचा अर्ज असा झाला: "प्रश्न २: आतील पानांवर दिलेल्या गुणांची बेरीज ३, मुखपृष्ठावर २. प्रश्न १७: पुरवणीच्या मागील पानावर उत्तर लिहिले असून त्यावर कोणतीही खूण किंवा गुण नाहीत, उत्तर तपासावे. प्रश्न २२: सूत्र व किंमती बरोबर आहेत, केवळ अंतिम आकडेमोडीत दशांशाची चूक, पायरीनिहाय गुण द्यावेत." सोबत छायाप्रत आणि विषयशिक्षकांचा लेखी अभिप्राय, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह. अर्ज विभागीय मंडळाकडे विहित नमुन्यात जातो. महाविद्यालयाचं काम इथे फक्त शिक्का मारायचं नाही, मुलाच्या हरकती नीट मांडून द्यायचंही आहे. मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर असतात हे मला ठाऊक आहे. तरी एक शिक्षक त्या पाच दिवसांत उपलब्ध राहील अशी सोय प्रत्येक महाविद्यालयाने करायला हवी. ज्या मुलाच्या घरी कोणी शिकलेलं नाही, त्याला ही प्रत वाचून दाखवणारं दुसरं कोणी नसतं.

निकाल काय लागू शकतो? पहिली हरकत मान्य होणारच, तो एक गुण. प्रश्न १७ तपासला गेला आणि तीनपैकी दोन मिळाले, असं धरू. प्रश्न २२ ला शिक्षकांना दोन अपेक्षित होते, तपासणाऱ्याने एकच दिला. १९ चे २३ झाले, भौतिकशास्त्र ५०, तीन विषयांची बेरीज १३६. ती पात्र झाली. पण हिशोब पाहा, चारपैकी तीन गुण असे आहेत की ज्यात मताला जागा नव्हती, एक सांडलेला आणि दोन न तपासलेल्या उत्तराचे. मतभेदाच्या जागी फक्त एक मिळाला. बहुतेक वेळा असंच असतं. तपासणाऱ्याचं मत बदलेल या भरवशावर पुनर्मूल्यांकनाला जाऊ नये. प्रतीत ठळक चूक दिसत असेल तर मात्र अजिबात मागे राहू नये. गुण कमीही होऊ शकतात हे घरात आधी बोलून घ्यावं, विशेषतः जो मुलगा काठावर उत्तीर्ण झाला आहे त्याच्या बाबतीत.

निकाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. प्रवेशप्रक्रियेचा ऑनलाइन अर्ज वेळेत भरायचा. प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणी केंद्रावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केल्याचं आणि पावतीचं सांगून ठेवायचं, आणि सुधारित गुण आले की सुधारित गुणपत्रिका घेऊन त्याच दिवशी केंद्रावर कळवायचं. मंडळाने गुण बदलले ही गोष्ट प्रवेश कक्षाला आपोआप कळेल असं धरून चालणारी मुलं पुढच्या फेरीला मुकतात. आणि जो नापास झाला आहे, त्याने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असला तरी जून-जुलैमधल्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून ठेवावा. निकाल बदलला तर फॉर्मचे पैसे गेले एवढंच होईल. नाही बदलला तर वर्ष वाचेल.

आता निष्पक्षपणाचा प्रश्न. पालक विचारतात, "ज्याने आधी तपासलं तोच पुन्हा तपासणार ना? तो आपली चूक कशाला कबूल करेल?" शंका रास्त आहे. पण व्यवस्था एकट्या परीक्षकावर सोडलेली नसते. परीक्षकाच्या वर नियामक असतो, तो परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही पुन्हा पाहतो. त्याच्यावर मुख्य नियामक असतो आणि आदर्श उत्तराचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जातो का हे पाहणं त्याचं काम. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, त्यामुळे तपासणाऱ्याला पेपर कुणाचा, कुठल्या गावचा हे कळू नये अशी सोय आहे. म्हणूनच उत्तरपत्रिकेत नाव, गाव किंवा 'कृपया पास करा' अशी विनंती लिहिणं महागात पडतं. ओळख लपवण्याची सोय मुलाच्याच संरक्षणासाठी असते, आणि ती त्याने स्वतः मोडली तर तो गैरप्रकार धरला जाऊ शकतो.

नियामकाच्या या साखळीला मर्यादा आहेत हेही सांगायला हवं. नियामक सगळ्या उत्तरपत्रिका पाहत नाही. पुरवणीच्या मागच्या पानावरचं सुटलेलं उत्तर त्याच्या हातात आलेल्या मोजक्या पत्रिकांत असेलच असं नाही. छायाप्रतीची सोय आहे ती याचसाठी. ज्याचं उत्तर आहे त्याच्याइतकं बारकाईने ते दुसरं कोणी पाहत नाही.

ही सोय सहज मिळालेली नाही. आपल्याच मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत फक्त पडताळणीची तरतूद होती, पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिका पाहणं दोन्ही नाकारलेलं होतं. त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८४ साली परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर विद्यार्थी ते हक्क म्हणून मागू शकत नाही, असं ठरलं. पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, त्याच्या सुरक्षिततेसाठी ते झाकलं जातं, आणि ते योग्यच आहे. त्याच निकालातली आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपून ती नष्ट झाली असेल तर ती देण्याचं बंधन उरत नाही.

मग मंडळाकडे ४०० रुपये भरण्यापेक्षा माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज आणि पानामागे २ रुपये भरून प्रत का घेऊ नये, असं विचारणारे पालक भेटतात. घेता येते. पण माहिती अधिकाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि त्या वाटेने आलेल्या प्रतीवर पुनर्मूल्यांकनाची पाच दिवसांची मुदत तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. ज्याला प्रवेश घ्यायचा आहे त्याने मंडळाचीच वाट धरावी. मुदत हुकली आहे आणि निदान काय झालं ते समजून घ्यायचं आहे, अशांसाठी माहिती अधिकार आहे. उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

पुनर्मूल्यांकनानंतरही ढळढळीत चूक राहिली तर? उदाहरणार्थ, प्रश्न १७ पुन्हा न तपासताच "बदल नाही" असं उत्तर आलं. अशा वेळी विभागीय सचिवांकडे लेखी तक्रार करावी, छायाप्रतीतलं ते पान जोडावं आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग उरतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत येतात, म्हणजे आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पण न्यायालय काय करू शकतं हे समजून मगच वकिलाकडे जावं. २०१७ च्या रणविजय सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितलं की न्यायाधीश स्वतः उत्तरपत्रिका तपासणार नाहीत, आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल. न तपासलेलं उत्तर, चुकलेली बेरीज, हरवलेली पुरवणी या गोष्टी कागदावर दाखवता येतात, तिथे न्यायालय ऐकतं. प्रश्न २८ ला एकाऐवजी दोन का नाहीत, यासाठी तिथे जाऊन पैसा आणि वेळ दोन्ही जातील.

पदवीच्या मुलांसाठी थोडक्यात. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचे नियम विद्यापीठाचे असतात, मंडळाचे नव्हेत. निकालाच्या परिपत्रकातली मुदत पाहूनच पुढे जावं. तक्रार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असतो. पण नुसते गुण वाढवून मागण्यासाठी लोकपाल नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो, म्हणजे इथेही छायाप्रतच आधी हवी.

निकालाच्या दिवशी एवढं करून ठेवा: शंकेचा एकच विषय ठरवा, मुलाचा स्वतःचा ईमेल चालू आहे का ते पाहा, आणि मे महिन्यात त्या विषयाचे शिक्षक गावात कुठल्या तारखेपर्यंत आहेत ते त्यांना फोन करून विचारा.